इयत्ता सातवीतील विद्यार्थिनीसाठी वर्गातील सोयींबाबत पत्र

दि. 18 ऑगस्ट 2025
पुणे

प्रति,
मा. मुख्याध्यापिका

विषय: कु. सई (इ. 7 वी ब, हजेरी क्र. 17) हिच्यासाठी वर्गात करावयाचे बदल

महोदया,
स.न.वि.वि.

सई 2 जुलैपासून माझ्याकडे उपचार घेत आहे. तिला तीव्र स्वरूपाची सामाजिक चिंता असून अधूनमधून पॅनिक अटॅक येतात. पालकांच्या लेखी संमतीने हे कळवत आहे. वर्गशिक्षिका व विषयशिक्षक यांच्यापलीकडे ही माहिती जाऊ नये, ही विनंती.

जूनपासून तिचे 19 दिवस बुडाले. सकाळी पोट दुखते, ते खरेच दुखते. तपासण्यांत काही निघाले नाही म्हणून ते नाटक ठरत नाही. मराठीच्या तासाला हजेरीक्रमाने प्रकट वाचन होते. पहिला मुलगा उभा राहिला की ही मनात सोळा मुले मोजते, आपल्या वाट्याचा परिच्छेद शोधते आणि तेवढाच पुन्हा पुन्हा वाचते. बाकीचा धडा तिच्या कानावर पडतच नाही. बाईंना ती लक्ष न देणारी वाटली, तर त्यात त्यांची चूक नाही.

तिला वाचनातून सूट नको. सूट दिली की भीती मुरते. परिच्छेद आदल्या दिवशी सांगावा. पहिले दोन आठवडे तिने तो फक्त बाईंसमोर वाचावा, मग दोन मैत्रिणींसमोर, नंतर जागेवर बसून वर्गात. तोंडी परीक्षाही सध्या एकटीची घ्यावी. अचानक उभे करून प्रश्न विचारू नये.

दाराजवळचा बाक द्यावा. तिच्याकडे एक हिरवे कार्ड असेल. ते बाकावर ठेवले की काही न विचारता तिला दहा मिनिटे ग्रंथालयात जाऊ द्यावे. तिथून तिने वर्गातच परतायचे आहे. ताप किंवा उलटी नसेल, तर घरी फोन करू नये. घाबरून घरी गेलेल्या प्रत्येक दिवसानंतर दुसरी सकाळ अधिक अवघड जाते, हे तिच्या आईलाही मी सांगितले आहे. अटॅक त्रासदायक असला तरी धोक्याचा नसतो, बहुधा वीसेक मिनिटांत ओसरतो. जवळ शांत बसावे, श्वास सावकाश सोडायला सांगावे. ‘घाबरण्यासारखं काय आहे त्यात?’ हे वाक्य तेवढे टाळावे.

सहामाहीचे पेपर तिला लहान खोलीत, प्रत्येकी 20 मिनिटे जादा वेळ देऊन लिहू द्यावेत. स्नेहसंमेलनात पडद्यामागचे काम चालेल; तिची चित्रकला चांगली आहे.

औषध घरीच दिले जाते. त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला मळमळ किंवा अस्वस्थता वाढू शकते. मरणाची वा स्वतःला इजा करण्याची भाषा कानावर आली, तर तिला एकटे न सोडता पालकांना आणि मला त्याच वेळी कळवावे.

29 सप्टेंबरला तिची फेरतपासणी आहे. त्याआधी वर्गशिक्षिकांनी चार ओळी लिहून पाठवाव्यात: कार्ड किती वेळा वापरले आणि ती परत आली का.

आपली विश्वासू,
डॉ. मृणाल कानडे
बालमानसोपचारतज्ज्ञ