उपवास भाजणी 200 ग्रॅम : लाँचची किकऑफ मीटिंग, विषयपत्रिका आणि सुरुवातीचं निवेदन

सोमवार, 15 जून 2026, सकाळी 11 ते 12.30
चाकण प्लांट, मीटिंग रूम

येताना आणायचं: क्वालिटीने पल्व्हरायझरचं क्लीनिंग रेकॉर्ड, पर्चेसने लॅमिनेटचं कोटेशन, मार्केटिंगने आर्टवर्कचा पहिला प्रूफ. प्रेझेंटेशन कुणीही आणू नये.

11.00 – निवेदन (लाँच प्रमुख)
11.10 – गव्हाचा संसर्ग आणि लाइन क्लीनिंग (क्वालिटी, प्रॉडक्शन). सगळ्यात जास्त वेळ इथेच, 30 मिनिटं
11.40 – आर्टवर्क फ्रीझ: लेबलवर काय असेल, काय नसेल (मार्केटिंग, क्वालिटी, पर्चेस)
12.00 – सील आणि शेल्फ लाइफच्या चाचण्या (आर अँड डी)
12.10 – डिस्पॅच आणि एमआरपी (सेल्स, फायनान्स)
12.20 – कोणतं काम कुणाकडे, कधीपर्यंत, हे वाचून दाखवणं. मिनिट्स त्याच संध्याकाळी

निवेदन

नमस्कार मंडळी. घटस्थापना 11 ऑक्टोबरला आहे, म्हणून आपल्याकडे जवळजवळ चार महिने आहेत असं वाटतं. तसं नाही. 14 सप्टेंबरला गणपती बसतात. त्या आठवड्यात लाइनवरची कोकणातली मंडळी गावी असतात आणि मुंबई-गोवा महामार्गावर अवजड गाड्यांवर निर्बंध येतात. अनंत चतुर्दशी झाली की पितृपक्ष, आणि त्यात नवीन माल उघडायला काही दुकानदार नाखूष असतात. म्हणून पहिला माल प्लांटमधून 5 सप्टेंबरला निघाला पाहिजे. आपली खरी तारीख ती.

तिथून मागे मोजा. प्रॉडक्शन 20 ऑगस्टला सुरू. त्यासाठी छापील लॅमिनेट 17 ऑगस्टला हातात हवं. सिलिंडर बनवणं, छपाई, लॅमिनेशन, क्युअरिंग, स्लिटिंग यांना आपण सहा आठवडे धरतोय. म्हणजे आर्टवर्क 6 जुलैला फ्रीझ. ग्रॅव्हुअरमध्ये प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर असतो. 6 जुलैनंतर कुणाला घटकांच्या यादीत एक ओळ बदलावीशी वाटली, तर निदान काळ्या रंगाचा सिलिंडर पुन्हा बनवावा लागेल. पैसे जातील ते जातील, पण मशीनवरचा आपला नंबरही जाईल.

म्हणून एक सोय करू. एमआरपी, प्रति ग्रॅम विक्री किंमत, बॅच नंबर, पॅकिंगची आणि एक्स्पायरीची तारीख हे सगळं कोडरवर छापू, आर्टवर्कमध्ये त्यासाठी फक्त कोरी खिडकी. त्यामुळे फायनान्सला किंमत ठरवायला 10 ऑगस्टपर्यंत वेळ मिळतो. आर अँड डीलाही 38 अंश आणि 90 टक्के आर्द्रतेत ठेवलेल्या पाकिटांचे निकाल बघून मुदत सांगता येईल. त्या चाचणीसाठी साध्या लॅमिनेटमधली पाकिटं येत्या सोमवारी चेंबरमध्ये गेली पाहिजेत.

आता अवघड मुद्दा. याच पल्व्हरायझरवर आपण थालीपिठाची भाजणी दळतो आणि तिच्यात गहू असतो. उपवासाच्या पिठात गहू सापडला, तर ग्राहक तक्रार करत बसणार नाही, सरळ ब्रँड बदलेल. चाळणी, होज आणि सायक्लोनच्या तळाशी पीठ साचतं, नुसत्या हवेच्या झोताने निघत नाही. माझं मत असं: उपवासाची बॅच आठवड्याच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या शिफ्टलाच, सगळं खोलून साफ केल्यावर. मग पहिले 25 किलो वरई पर्ज म्हणून दळून बाजूला काढायचे आणि स्वॅबचा रिपोर्ट आल्याशिवाय पॅकिंग सुरू करायचं नाही. 25 किलो पुरतात का, हे क्वालिटीने तीन ट्रायल घेऊन ठरवावं.

घटक चारच: राजगिरा, साबुदाणा, वरई, जिरं. धणे काही घरांत चालतात, काहींत नाहीत, म्हणून नकोत. हिंग तर नाहीच, कारण बाजारातल्या बांधानी हिंगात बऱ्याचदा गव्हाचंच पीठ असतं. मीठही घालायचं नाही, ज्याचं त्याने सैंधव घालावं. मार्केटिंगला एक विनंती, 'ग्लुटेन-फ्री' हा शब्द प्रूफवर दिसू नये. त्याला किलोमागे 20 मिलिग्रॅमची मर्यादा आहे आणि सामायिक लाइनवर प्रत्येक बॅचला ती हमी आपण देऊ शकत नाही.

सीलचं थोडक्यात सांगतो. ऑगरमधून पडताना राजगिऱ्याचं बारीक पीठ उडतं आणि सीलच्या जागी बसतं. सील वरून ठीक दिसतं, बॉक्समध्ये दाब आला की सुटतं. तेव्हा वेग कमी ठेवू आणि दर अर्ध्या तासाला पाच पाकिटं व्हॅक्यूम लीक टेस्टला.

शेवटी अधिकाराचं. रेसिपी आर अँड डीची, माल सोडायचा की अडवायचा हे क्वालिटीचं, लेबलवर अंतिम सही एकाचीच आणि ती क्वालिटी प्रमुखांची. व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा अंगठा म्हणजे मंजुरी नव्हे. काही अडलं तर त्याच दिवशी मला फोन करा, शुक्रवारच्या रिव्ह्यूची वाट बघू नका.

क्वालिटी, क्लीनिंग रेकॉर्ड काढा. मागच्या तीन बॅचेसपासून सुरू करू.