पाठ टाचण: फोटोवर मजकूर टाकणे, नको ती वस्तू काढणे

इयत्ता 8 वी, संगणक. दोन जोड तासिका, 70 मिनिटे. एका संगणकावर दोघे. साधन: GIMP (मोफत, इंटरनेटशिवाय चालते). मुक्ता फॉन्ट आदल्या दिवशीच टाकून ठेवणे.

फोटो: क्रीडादिनाची धाव, कोपऱ्यात पाण्याची रिकामी बाटली.

आधी मूळ फोटोची प्रत. मग लेयर समजावणे: फोटोवर ठेवलेला पारदर्शक कागद. `T` दाबून ‘100 मीटर धाव’ लिहिणे. पांढरी अक्षरे आकाशावर दिसेनाशी होतात. ते मुलांनाच सापडू द्यावे, मग रंग बदलावा.

बाटली काढायला क्लोन टूल, `C`. `Ctrl` धरून शेजारच्या मातीवर क्लिक, मग बाटलीवर ब्रश. सगळे एकाच जागेची माती उचलतात आणि तोच खडा चारदा उमटतो! नमुना वरचेवर बदलायला लावणे. बाटलीची सावली हमखास राहते, तीही पुसणे.

जतन: काम `.xcf` मध्ये, छापायला `Export As` करून `.jpg`.

शेवटची 10 मिनिटे चर्चा: बाटलीऐवजी शर्यतीतला एखादा मुलगा पुसला तर?

मूल्यमापन: फोटो शेजारच्या जोडीला दाखवणे. बाटली कुठे होती ते त्यांना ओळखता येऊ नये.