सई पुन्हा तिसऱ्या लेनमध्ये

लातूरच्या आपल्या तलावावर पहाटे पुन्हा बटरफ्लायचा धपधप आवाज ऐकू येतोय. दहावीतली सई परतली आहे.

गेल्या पावसाळ्यात उजवा हात डोक्यावर नेला की कळ यायची. स्पर्धा तोंडावर, म्हणून तिने ती महिनाभर लपवली. (पोरांनो, असलं धाडस करू नका. दुखलं की त्याच दिवशी सरांना सांगा.) तपासणीत खांद्याच्या स्नायूबंधाला सूज निघाली. ऑपरेशन टळलं, पण बटरफ्लाय बंद.

मग सुरू झालं कंटाळवाणं काम. किकबोर्ड समोर धरला तरी खांद्यावर ताण येतो, म्हणून हात अंगालगत ठेवून उताणं नुसतं किक मारायचं. घरी रबर बँड ओढून खांद्याच्या फऱ्याभोवतालचे स्नायू मजबूत करायचे. "दाराच्या कडीला बँड बांधून नुसती ओढू लागली, कडी निघायची वेळ आली," आजी सांगतात. कळ थांबल्यावर फ्रीस्टाइल आणि सगळ्यात शेवटी बटरफ्लाय, तेही एका वेळी पंचवीसच मीटर.

क्लबच्या चाचणीत तिने १०० मीटर बटरफ्लाय १:१६.४० मध्ये मारली. जुन्या वेळेपेक्षा चार सेकंद जास्त, क्रमांक तिसरा. सरांनी विचारलं, "खांदा दुखला का गं?"

"नाही सर, दम लई लागला."

जिल्हा शालेय स्पर्धेत ती ५० मीटर बटरफ्लाय आणि १०० मीटर फ्रीस्टाइल पोहणार आहे. २०० मीटर बटरफ्लायसाठी फिजिओंचा होकार अजून यायचाय. सई रोज विचारतेच आहे.