दिवाळी अंक योजनेचं प्रसिद्धिपत्रक : आलेला मसुदा आणि पाठवायचं पत्रक

फलटण, शुक्रवार, १० ऑक्टोबर २०२५

प्रिय कार्यवाह,
स. न. वि. वि.

काल रात्री तुम्ही पाठवलेला मसुदा वाचला. मजकूर मनापासून लिहिलाय आणि माहिती जवळजवळ सगळी आहे. पण खरी बातमी शेवटून दुसऱ्या वाक्यात जाऊन बसली आहे, आणि तिथवर कुठलाही उपसंपादक पोचणार नाही. मी सत्तावीस वर्षं डेस्कवर काढली. संध्याकाळी सातनंतर पत्रकांचा ढीग समोर येतो तेव्हा प्रत्येकाच्या पहिल्या दोन ओळी वाचल्या जातात. त्यात काही सापडलं तर ठीक, नाहीतर ते पत्रक दुसऱ्या दिवसावर ढकललं जातं आणि दुसरा दिवस कधी उजाडत नाही.

तुमच्या मसुद्यावर खुणा करणार आहे, म्हणून तो आधी जसाच्या तसा खाली उतरवतो.

आलेला मसुदा

सर्व तमाम रसिक वाचक बंधू-भगिनींना कळविण्यास अत्यंत आनंद होतो की, आपल्या सार्वजनिक वाचनालयाच्या वतीने सालाबादप्रमाणे यंदाही दिवाळी अंक योजनेचे भव्य आयोजन करण्यात आलेले आहे. दिवाळी अंकांची परंपरा ही महाराष्ट्राच्या संस्कृतीचे वैभव असून शंभर वर्षांची ही परंपरा जपण्याचे कार्य आपले वाचनालय अखंडपणे करीत आहे. यंदा योजनेत सुमारे ७० दर्जेदार अंकांचा समावेश असून (एकूण ६२ अंक) वाचकांना ही एक साहित्यिक मेजवानीच ठरणार आहे. योजनेची नोंदणी गुरुवार दि. १५ ऑक्टोबर रोजी वाचन प्रेरणा दिनाचे औचित्य साधून मान्यवरांच्या शुभहस्ते सुरू होत आहे. वर्गणी सभासदांना रु. ३०० व इतरांना रु. ४०० (अनामत वेगळी) राहील. या प्रसंगी बोलताना अध्यक्षांनी वाचनाने माणूस समृद्ध होतो, वाचनसंस्कृती टिकली पाहिजे, तरुण पिढीने मोबाइल सोडून पुस्तकांकडे वळले पाहिजे असे मनोगत व्यक्त केले. तसेच ज्या ज्येष्ठांना येणे शक्य नाही त्यांना अंक घरी देण्याची सोय यंदा करण्यात आली आहे. तरी बहुसंख्येने लाभ घ्यावा ही नम्र विनंती.

पाठवायचं पत्रक

(वाचनालयाच्या पत्रशीर्षावर)

प्रति,
मा. संपादक / वृत्तसंपादक

तत्काळ प्रसिद्धीसाठी
दिनांक : १० ऑक्टोबर २०२५

पंच्याहत्तरीपुढील वाचकांना दिवाळी अंक घरपोच

फलटणच्या सार्वजनिक वाचनालयाचा उपक्रम. ३०० रुपयांत ६४ अंक, बुधवारपासून नोंदणी

फलटण, ता. १० : वाचनालयाच्या पायऱ्या चढणे ज्यांना शक्य नाही, अशा ७५ वर्षांवरील वाचकांना यंदा दिवाळी अंक घरी नेऊन देण्याचा निर्णय येथील सार्वजनिक वाचनालयाने घेतला आहे. वाचनालयाच्या दिवाळी अंक योजनेत सहभागी होणाऱ्या ज्येष्ठांना ही सेवा कोणतेही जादा शुल्क न घेता मिळेल. योजनेची नोंदणी बुधवारी (ता. १५) वाचन प्रेरणा दिनापासून सुरू होत असून ती ३१ ऑक्टोबरपर्यंत चालेल.

घरपोच सेवा फलटण शहराच्या हद्दीत दर रविवारी सकाळी ९ ते १२ या वेळेत दिली जाईल. पहिली फेरी २६ ऑक्टोबरला निघेल. महाविद्यालयात शिकणारे वाचनालयाचे अकरा सभासद हे काम स्वयंसेवक म्हणून करणार आहेत. प्रत्येक फेरीत वाचकाला दोन अंक मिळतील आणि आधीचे दोन परत घेतले जातील. गुडघ्याचे वा डोळ्यांचे दुखणे असलेल्या, ७५ पेक्षा कमी वयाच्या वाचकांचाही ग्रंथपालांकडे अर्ज आल्यास विचार केला जाईल.

वाचनालय पहिल्या मजल्यावर असून तिथे जाण्यासाठी २१ पायऱ्या चढाव्या लागतात. इमारत जुनी असल्याने उद्‌वाहन बसवणे शक्य झालेले नाही. या उपक्रमामागचे कारण सांगताना वाचनालयाच्या अध्यक्षा म्हणाल्या :

> "वर्षानुवर्षे येणारे सभासद एकाएकी येईनासे झाले, की आम्ही घरी फोन करायचो. वाचन सुटलेले नसायचे, जिना सुटलेला असायचा. एका आजोबांनी तर नातवाला पाठवून कार्ड परत केले, कारण वर्गणी भरून अंक मिळत नसेल तर ते ठेवून करायचे काय? ते कार्ड आम्ही रद्द केलेले नाही. पहिला अंक त्यांच्याच घरी जाईल."

योजनेत यंदा ६४ दिवाळी अंक आहेत. त्यांत कथा-कवितांच्या अंकांबरोबरच विनोदी, आरोग्यविषयक, पाककृतींचे, ज्योतिषाचे आणि मुलांसाठीचे अंक आहेत. वर्गणी वाचनालयाच्या सभासदांसाठी ३०० रुपये, तर इतरांसाठी ४०० रुपये आहे. सभासद नसलेल्यांना ५०० रुपये अनामत ठेवावी लागेल आणि योजना संपल्यावर ती परत मिळेल. अंकांचे वाटप भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसापासून, शुक्रवार २४ ऑक्टोबरपासून सुरू होईल. योजना ३१ जानेवारी २०२६ पर्यंत चालेल.

काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये काढलेला 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक हा मराठीतील पहिला दिवाळी अंक मानला जातो. वाचनालयाच्या संग्रहात १९५३ पासूनचे बांधीव दिवाळी अंक असून त्यांतील निवडक अंकांचे प्रदर्शन १५ ते १९ ऑक्टोबर या काळात वाचन कक्षात सर्वांसाठी विनामूल्य खुले राहील.

नोंदणीसाठी सकाळी ८ ते ११ किंवा सायंकाळी ५ ते ८ या वेळेत वाचनालयात यावे. ज्येष्ठ वाचकांच्या वतीने घरातील कोणीही नोंदणी करू शकेल. त्यासाठी वयाच्या पुराव्याची छायाप्रत आणि घराचा पत्ता द्यावा लागेल.

सार्वजनिक वाचनालयाविषयी

फलटण येथील सार्वजनिक वाचनालय १९४८ मध्ये सुरू झाले. शासनमान्य 'ब' वर्गात असलेल्या या वाचनालयात सुमारे ३१ हजार ग्रंथ असून १,१४० सभासद आहेत. मुक्तद्वार वृत्तपत्र कक्ष, बालविभाग आणि स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका हे वाचनालयाचे नियमित विभाग आहेत. साप्ताहिक सुटी सोमवारी असते.

संपर्क : ग्रंथपाल, वाचनालय कार्यालय. दूरध्वनी व ई-मेल पत्रशीर्षावर छापले आहेत.

सोबत : एक छायाचित्र
फोटो ओळ : फलटण : येथील सार्वजनिक वाचनालयात घरपोच सेवेसाठी दिवाळी अंकांच्या पिशव्या तयार करताना स्वयंसेवक.

(समाप्त)

काय बदललं आणि का, ते आता सांगतो. मंडळापुढे ठेवाल तेव्हा प्रश्न येतील.

मथळा तुमच्या शेवटून दुसऱ्या वाक्यातून आला. दिवाळी अंक योजना तालुक्यातली चार वाचनालयं तरी चालवतात, दरवर्षी चालवतात. त्यात बातमी नाही. एकवीस पायऱ्यांमुळे घरी बसलेल्या माणसाच्या दारात अंक जातोय, ही बातमी आहे. माझी आई शेवटची चार वर्षं खालच्या चहाच्या टपरीवर बसून राहायची आणि मी वर जाऊन पुस्तकं बदलून आणायचो. तिला स्वतः कपाटापुढे उभं राहून निवडायचं असायचं. म्हणून दुसऱ्या परिच्छेदात दोन-दोन अंकांचा हिशेब इतका सविस्तर ठेवला आहे, तो कापू नका. आणि ६४ अंकांची छापील यादी पहिल्या फेरीत प्रत्येकाच्या हातात द्या, निवड त्यांनाच करू द्या.

आकडे. मसुद्यात एकाच वाक्यात ७० आणि ६२ होते. सकाळी ग्रंथपालांसोबत मागणीपत्रक मोजलं : ६४. नंतर अंक वाढले तर चांगलंच, पण छापून आलेल्या आकड्यापेक्षा कमी निघाला तर वाचक पहिल्याच दिवशी विचारतो. १५ ऑक्टोबरला बुधवार आहे, गुरुवार नव्हे. वार आणि तारीख जुळत नसेल तर डेस्कवरचा माणूस बाकीच्या मजकुरावरही विश्वास ठेवत नाही. "शंभर वर्षांची परंपरा" काढून १९०९ हे साल घातलं. अनामतीची रक्कम मसुद्यात नव्हती, ती तुमच्या पावतीपुस्तकातून घेतली.

अवतरण मी रचलेलं नाही. मसुद्यातलं "वाचनाने माणूस समृद्ध होतो" हे कुणीही, कुठल्याही कार्यक्रमात बोललेलं असू शकतं. शिवाय १५ तारखेचा कार्यक्रम व्हायचा आहे आणि "या प्रसंगी बोलताना" असं आपण आजच लिहिलं होतं. अध्यक्षाबाईंना आज सकाळी फोन केला, हे सगळं सुचलं कसं एवढंच विचारलं. त्या दहा मिनिटं बोलल्या. त्यातली ही वाक्यं लिहून त्यांना वाचून दाखवली आणि त्यांनी होकार दिला. कार्ड परत करणाऱ्या आजोबांच्या घरीही त्यांनी विचारून घेतलं आहे. पत्रकात पदाचाच उल्लेख करायचा, नाव नाही, ही आपल्या मंडळाची जुनी प्रथा मी पाळली आहे. बातमीदाराने नाव विचारलं तर द्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

शेवटचा 'विषयी' परिच्छेद यापुढे प्रत्येक पत्रकाखाली असाच्या असा लावा. सभासदसंख्या आणि ग्रंथसंख्या दर एप्रिलमध्ये, वार्षिक अहवालावरून बदला. बाकी शब्दांना हात लावू नका, म्हणजे दर वेळी नव्याने इतिहास लिहावा लागणार नाही आणि स्थापनेचं सालही इकडचं तिकडे होणार नाही.

"भव्य", "मान्यवरांच्या शुभहस्ते", "साहित्यिक मेजवानी" हे सगळं काढलं. उद्घाटनाला कोण येणार ते अजून ठरलं नाही, म्हणून तो उल्लेखच नको. ठरलं तर १४ तारखेला दोन ओळींचं वेगळं निमंत्रण पाठवू.

मजकूर युनिकोडमध्ये, ई-मेलच्या आतच चिकटवा. नुसती पीडीएफ पाठवली तर तिकडे कुणाला तरी सगळं पुन्हा टाइप करावं लागतं आणि तेवढा वेळ कुणाकडे नसतो. छायाचित्र वेगळं जोडा, मजकुरात चिकटवू नका. स्वयंसेवकांचे चेहरे दिसतील असं एक निवडा. काल पाठवलेल्या तीन छायाचित्रांपैकी दुसरं चांगलं आहे, त्यात पिशवीवरचा पत्ता मात्र वाचता येतो. तेवढा भाग झाका किंवा पिशवी उलटी करून पुन्हा काढा.

आज दुपारी चारच्या आत गेलं तर उद्या, शनिवारी, तालुका पानावर जागा मिळू शकते. जिल्हा प्रतिनिधींना पाठवल्यावर एक फोन करा, आणि फोनवर पहिलं वाक्य पायऱ्यांचं सांगा.

मी साडेतीनपर्यंत घरी आहे. काही बदल असेल तर कळवा.

आपला,
एक जुना सभासद, कार्ड क्रमांक ३१७