नळदुर्ग सहल: बस उद्या सकाळी ६ ऐवजी ९ वाजता

सर्व ४५ जणांसाठी. सहल रद्द नाही, फक्त तीन तास उशीर. ठरलेल्या बसची क्लचप्लेट आज संध्याकाळी जळाली. बदली बस अक्कलकोटहून सकाळी ८.३० पर्यंत येईल. ठिकाण तेच: पार्क चौक, हुतात्मा स्मृती मंदिरासमोर.

नाश्ता घरूनच करून या. किल्ल्यावर आता भर उन्हात पोहोचू, म्हणून टोपी आणि माणशी दोन लिटर पाणी हवंच. परत यायला रात्रीचे ९ वाजतील.

जमणार नसेल तर आज रात्री १० पर्यंत इथे 'नाही' लिहा, पूर्ण पैसे परत मिळतील. बाकीच्यांनी कृपया 'ओके' टाकू नका, त्यात हा निरोप वर सरकून दिसेनासा होतो. ज्यांच्याकडे व्हॉट्सॲप नाही अशा सहा ज्येष्ठांना आम्ही आत्ता फोन करतोय.

झालेल्या त्रासाबद्दल मनापासून दिलगीर आहोत.
– सहल समिती, शनिवार, सायं. ७.४०