बिल क्र. 47 (2025-26) सोबतचं टिपण: ठरलेल्या कामाबाहेरचं जादा काम आणि सुधारित रक्कम

दिनांक: 9 मार्च 2026
प्रति: श्री. व सौ. पाटणकर, तिसरा मजला, मुलुंड पूर्व, मुंबई
विषय: स्वयंपाकघर व दोन बाथरूमचं नूतनीकरण. 12 जानेवारी 2026 च्या कोटेशनमध्ये नसलेली कामं

पाटणकर सर आणि वहिनी, नमस्कार.

शेवटचं बिल सोबत जोडलं आहे. कोटेशन 4,85,000 रुपयांचं (जीएसटी वेगळा) होतं. त्यात निव्वळ 54,390 रुपये वाढले आहेत, म्हणजे साधारण 11 टक्के. बिलावर "एक्स्ट्रा आयटम" अशी एक ओळ टाकून आकडा लिहिता आला असता, पण मग पुढचे चार दिवस फोनवर तेच समजावत बसावं लागतं आणि दोन्हीकडे मनात काहीतरी राहून जातं. म्हणून प्रत्येक वाढ कुठून आली, तिला होकार कधी मिळाला आणि दर कुठला लावला, ते इथे लिहितो. काय काय वजा केलं तेही आहे.

सर्वांत मोठी वाढ पाण्याच्या लाइनीची आहे. कोटेशनच्या कलम 6 मध्ये लिहिलं होतं की भिंतीतल्या जुन्या लाइनी तशाच ठेवायच्या आणि फक्त बाथरूममधले पॉइंट बदलायचे. किरकोळ दुरुस्तीसाठी त्यात 6,000 रुपये धरले होते. पॅसेजमधल्या बाथरूमच्या टाइल्स उतरवल्यावर आतला जीआय पाइप दिसला. बाहेरून तो धड वाटत होता, पण प्लंबरने पाना लावताच आटे त्याच्या हातात आले. कापून बघितलं तर आत गंजाचा थर इतका साचला होता की पाणी जायला जेमतेम करंगळीएवढी वाट उरली होती. जीआयवरचा जस्ताचा लेप वर्षानुवर्षं पाण्याने झिजतो आणि त्यानंतर पाइप आतून गंजत जातो. शॉवरला जोर नाही म्हणून तुम्ही पंप बसवायचं म्हणत होतात, त्याचं कारणही हेच होतं. असल्या पाइपवर नवी टाइल बसवली असती तर वर्ष-दोन वर्षांत तीच टाइल फोडावी लागली असती. ते माझ्या मनाला पटलं नसतं.

29 जानेवारीला तुम्ही दोघं साइटवर असताना कापलेला तुकडा दाखवला आणि तिथेच जादा कामाच्या कागदावर सरांची सही झाली. त्याप्रमाणे मुख्य व्हॉल्व्हपासून स्वयंपाकघर आणि दोन्ही बाथरूमपर्यंत गार-गरम पाण्याची पूर्ण लाइन सीपीव्हीसीमध्ये नवी टाकली. लांबी 34 मीटर भरली. दर मीटरला 650 रुपये, त्यात फिटिंग, भिंतीची झिरी मारणं आणि ती परत भरणं धरलेलं आहे. याचे 22,100 रुपये. प्रत्येक ठिकाणी वेगळा बॉल व्हॉल्व्ह दिला आहे, म्हणजे एक नळ बिघडला म्हणून अख्ख्या घराचं पाणी बंद करायला नको. असे तीन, प्रत्येकी 1,150 प्रमाणे 3,450 रुपये. प्लास्टर करण्याआधी लाइन दाबाखाली रात्रभर ठेवून तपासली, त्याचे फोटो वहिनींना पाठवले आहेत. नवी लाइन आल्यामुळे कलम 6 मधले दुरुस्तीचे 6,000 रुपये लागलेच नाहीत. ते खाली वजा केले आहेत.

त्याच बाथरूमचं वॉटरप्रूफिंग ही दुसरी वाढ. तिथला स्लॅब घराच्या पातळीपेक्षा जवळपास फूटभर खाली आहे आणि त्यात जुना विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला होता. कोटेशनमध्ये तो कोबा न हलवता वर लेप आणि भिंतीवर एक फूट चढ एवढंच होतं. फोडल्यावर कोबा ओला निघाला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या छताला ओल का येते, हे तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. सेक्रेटरींनी वर येऊन बघितलं आणि गळती थांबवूनच पुढचं काम करा असं सांगितलं. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सदनिकेच्या आतल्या संडास-बाथरूममुळे होणाऱ्या गळतीचा खर्च सभासदाचा असतो. त्यामुळे हा खर्च सोसायटीकडे मागण्यात अर्थ नव्हता, आणि तुम्हीही तसा आग्रह धरला नाहीत.

28 चौरस फुटांचा जुना कोबा पूर्ण काढला, स्लॅबच्या भेगा भरल्या, पाइपांभोवतीचे सांधे बंद केले आणि नवा कोबा उताराला घालून घेतला. 420 रुपये चौरस फुटाने 11,760 रुपये. भिंतीवरचा लेप एक फुटाऐवजी चार फुटांपर्यंत नेला. पहिला फूट मूळ रकमेतच असल्याने इथे फक्त वरचे तीन फूट मोजले आहेत. दाराची जागा सोडून 58.5 चौरस फूट, 80 रुपयांनी 4,680. त्यानंतर 48 तास पाणी भरून ठेवलं. खाली काकांनी स्वतः टॉर्च मारून छत तपासलं आणि सेक्रेटरींच्या वहीत नोंद झाली. काकांच्या छताची पुट्टी आणि रंग या बिलात नाही. छत पुरतं सुकायला वेळ लागतो, तोवर रंग लावणं म्हणजे पैसे पाण्यात. त्याचं वेगळं ठरवू.

ओट्याचा विषय सरळ आहे. कोटेशनमध्ये 11 रनिंग फूट काळ्या ग्रॅनाइटचा सरळ ओटा होता. 6 फेब्रुवारीला वहिनींनी खिडकीकडे वळवून एल आकाराचा करायला सांगितला. तसा मेसेज आणि मी लगेच पाठवलेला दर, दोन्ही आपल्या ग्रुपवर आहेत. "हातासरशी होऊन जाईल" असं सरांना वाटलं होतं, पण चार फूट ओटा म्हणजे चार फूट ग्रॅनाइट, त्याखालचा कडप्पा, कडेचं पॉलिश आणि कोपऱ्याचा जोड. 2,400 रुपये रनिंग फुटाने 9,600. मागच्या भिंतीवर वाढलेल्या 8 चौरस फूट टाइल्सचे 140 रुपयांनी 1,120. दर कोटेशनमधलेच आहेत, मध्यंतरी मालाचे भाव हलले तरी वाढवलेले नाहीत.

विजेचे दोन पॉइंट डिशवॉशर आणि इंडक्शनसाठी. जुनी वायर फ्रिज, मिक्सर आणि मायक्रोवेव्हला मिळून एकच होती. त्यावर प्रत्येकी साधारण 2 किलोवॅट खेचणारी आणखी दोन यंत्रं लावायला इलेक्ट्रिशियन तयार नव्हता, आणि त्याचं बरोबर होतं. दोन्हींसाठी मुख्य बोर्डापासून 4 चौरस मिलिमीटर तांब्याची स्वतंत्र वायर ओढून 20 अँपिअरचा वेगळा एमसीबी दिला आहे. प्रत्येकी 4,200, एकूण 8,400 रुपये. हे सरांशी साइटवर तोंडी ठरलं. त्याच संध्याकाळी मी लिहून पाठवलं आणि त्यांचा होकार मेसेजवर आला. मीटरचा मंजूर भार वाढवायचा असेल तर महावितरणकडे अर्ज ग्राहकाच्या नावानेच जातो. ते काम किंवा त्याची फी या बिलात नाही.

एका आयटमला आधी मंजुरी घेतलेली नव्हती, ती डेब्रिजची. कोटेशनमध्ये 120 गोण्या धरल्या होत्या. कोबा निघाल्यावर 172 गेल्या. आधी आकडा सांगणं शक्यच नव्हतं, कारण कोबा किती खोल आहे ते फोडल्याशिवाय कळत नाही. माल लिफ्टमधून न्यायला सोसायटीची परवानगी नसल्यामुळे प्रत्येक गोणी जिन्याने खांद्यावरून उतरली आहे. जादा 52 गोण्या, उतरवणं आणि टेंपो धरून 75 रुपयांनी 3,900. गेटवरच्या वॉचमनच्या रजिस्टरमध्ये तारखेनुसार गोण्या लिहिलेल्या आहेत, जरूर ताडून बघा. आकडा जुळला नाही तर रजिस्टरचा आकडा धरू.

वजा केलेली आणखी एक रक्कम: पॅसेजमधल्या बाथरूमचं पीव्हीसी सीलिंग तुम्ही नको म्हणालात. 28 चौरस फूट, 165 रुपयांनी 4,620. गॅलरीतल्या कपड्यांच्या दोऱ्यांचे हूक आणि देवघराच्या फळीची दुरुस्ती सुताराने जाता जाता केली, त्याचे पैसे लावलेले नाहीत.

हिशेब असा:

पाण्याची लाइन व व्हॉल्व्ह: 25,550
वॉटरप्रूफिंग: 16,440
ओटा व टाइल्स: 10,720
विजेचे पॉइंट: 8,400
डेब्रिज: 3,900
जादा कामाची बेरीज: 65,010
वजा, लाइन दुरुस्तीची तरतूद: 6,000
वजा, सीलिंग: 4,620
निव्वळ वाढ: 54,390
सुधारित एकूण रक्कम (जीएसटीशिवाय): 5,39,390

मूळ कामापैकी राहिलेले 25 टक्के: 1,21,250
त्यात निव्वळ वाढ मिळवून: 1,75,640
सीजीएसटी 9 टक्के: 15,807.60
एसजीएसटी 9 टक्के: 15,807.60
या बिलाची रक्कम: 2,07,255.20, म्हणजे 2,07,255 रुपये

आधीचे दोन हप्ते, 2,28,920 आणि 2,00,305 रुपये, जीएसटीसह पोचले आहेत. त्यांची बिलं तुमच्याकडे आहेत. जादा कामाला जीएसटीचा दर मूळ कामाचाच, 18 टक्के आहे.

ही वाढ तुमच्या बजेटात नव्हती याची मला जाणीव आहे, आणि पाइप-कोब्यावर गेलेले पैसे पाहुण्यांना दाखवताही येत नाहीत. म्हणून एकदम सगळं मागत नाही. ताबा घेताना 1,75,165 रुपये द्या. यात मूळ कामाची बाकी आणि वाढीचा अर्धा भाग आला. उरलेले 32,090 रुपये 15 एप्रिलपर्यंत दिले तरी चालतील. खातं बिलावर छापलेलं तेच. रोख नको, बँकेतूनच करा.

ताबा 28 फेब्रुवारीऐवजी 14 मार्चला देतो आहे. लाइन आणि कोबा यांतच बराचसा वेळ गेला. आवाजाचं काम सोसायटीच्या ठरलेल्या वेळेतच करता येतं, आणि त्यात शिमग्याला माझे गवंडी कोकणात गावी गेले. या वाढलेल्या दिवसांचा देखरेखीचा खर्च मी लावलेला नाही. बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगची तीन वर्षांची लेखी हमी ताब्याच्या वेळी देईन. मात्र तिथे नंतर कोणी ड्रिल मारलं तर त्या जागेची हमी राहणार नाही. गिझर किंवा कपाट बसवताना आधी मला विचारा. लाइन कुठून गेली आहे त्याचा मापांसह नकाशा सोबत जोडला आहे, तो प्लंबरला दाखवा.

एखाद्या मोजमापाबद्दल शंका असेल तर पैसे देण्याआधीच सांगा. शनिवारी 14 तारखेला सकाळी साडेदहाला मी टेप घेऊन येतो. ओटा, टाइल्स आणि वायरचे पॉइंट तुमच्यासमोर मोजू. भिंतीत गेलेल्या लाइनीचं माप प्लास्टरआधीच्या फोटोंवरून दाखवतो. फरक निघाला तर बिल तिथेच दुरुस्त करून देईन. आणि शक्य असेल तर त्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनाही बोलवा, म्हणजे छताच्या रंगाचं एकदाच ठरून जाईल.

आपला,
सावंत
सिव्हिल व इंटीरियर कामं, भांडुप

सोबत: बिल क्र. 47, 29 जानेवारीचा सही केलेला कागद, 6 फेब्रुवारीच्या मेसेजची प्रत, लाइनीचा नकाशा