सगळे रंग कालवले की तपकिरीच का?

ब्रश ठेवा जरा खाली आणि आपापल्या मगातल्या पाण्याकडे बघा. तासाभरापूर्वी नळाचं स्वच्छ पाणी होतं. आता सगळ्यांचा चहा झालाय! कुणी आधी पिवळा बुडवला, कुणी निळा, पण शेवटी सगळे एकाच रंगावर आलात. मघाशी मागून कुणीतरी विचारलं, "ताई, सगळे रंग एकत्र केले की पांढरा होतो ना? शाळेत शिकवलं होतं." बरोबर शिकवलं होतं, पण ते उजेडाबद्दल. गडकरी रंगायतनच्या स्टेजवर लाल, हिरवा आणि निळा झोत एकाच जागी पाडला, तर तिथे पांढरं दिसेल. प्रत्येक झोत उजेडात भर घालतो.

आपल्या ट्यूबमधला रंग उलटा वागतो. तो उजेड खातो. खिडकीतून येणाऱ्या पांढऱ्या उजेडात सगळे रंग असतात. पिवळा रंग त्यातला निळा-जांभळा भाग गिळतो आणि उरलेला परत पाठवतो. तोच आपल्याला पिवळा दिसतो.

आता इथे या, पॅलेटजवळ. हा लेमन यलो, हा क्रिमझन लाल, हा अल्ट्रामरीन निळा. कालवते. बघा, आला मातकट.

काळा का नाही आला? हिशोब करा. निळ्या टोकाचा उजेड पिवळ्यानेही खाल्ला, बराचसा लालनेही. हिरव्यावर लाल आणि निळा दोघांनी हात मारला. लाल-नारिंगी टोकाला मात्र खाणारा मुख्यतः एकटा निळा. म्हणून ताटात जे थोडं उरतं, ते नारिंगीकडे झुकलेलं असतं. आणि मंद, काळवंडलेल्या नारिंगीलाच आपण तपकिरी म्हणतो. पटत नाही? हा नारिंगी घेतला, त्यात काळ्याचं जेमतेम टोक बुडवलं... झाला ना चॉकलेटी? इंद्रधनुष्यात तपकिरी शोधत बसू नका, तो तिथे नसतोच. (आपल्याकडचं नाव तर तपकिरीच्या डबीतून आलंय. ती ओढणारे आजोबा आता कुठे दिसतात म्हणा!)

आता या कालवणात आणखी निळा घालते. बघा, करडं, मग जवळजवळ काळं. म्हणजे दर वेळी तपकिरीच येईल असं नाही, कोण किती पडलंय त्यावर आहे.

म्हणून मी सारखी ओरडते: एका वेळी दोनच रंग, फार तर तिसऱ्याचा ठिपका. पण मुद्दाम केलेला तपकिरी मला फार आवडतो. पावसात भिजलेलं उपवनकाठचं झाडाचं खोड ट्यूबमधल्या तयार ब्राउनने कधीच जमत नाही. तो मेलेला दिसतो. पुढच्या रविवारी तेच खोड या तीन रंगांतून काढायचंय.

चला, आधी मग धुऊन आणा. आणि ते पाणी कुंडीत ओतू नका हं, मागच्या खेपेला माझा मोगरा गेला.